समस्या निवारण: `B` प्रत्येक स्ट्रिंग नाकारतो, आणि एलबीएची सिद्धता तिथेच बसते

ऑटोमाटाचा विषय शिकवताना दर सत्रात हा प्रश्न माझ्याकडे येतो, फक्त विचारणारा बदलतो. एलबीए म्हणजे लिनियर बाउंडेड ऑटोमेटॉन, इनपुटएवढ्याच टेपवर चालणारं ट्युरिंग मशीन. त्याची भाषा रिकामी आहे की नाही, म्हणजे ते एक तरी स्ट्रिंग स्वीकारतं का, हे ठरवणारा अल्गोरिदम असू शकत नाही, ही सिद्धता मुलांनी वाचलेली असते. गणन-इतिहास स्ट्रिंग म्हणून लिहायचा आणि तो तपासणारा एलबीए `B` बांधायचा, ही युक्तीही पटलेली असते. मग कोणीतरी उत्साहाने `B` खरोखर लिहून काढतो आणि दोन दिवसांनी येऊन म्हणतो, "सर, माझा `B` काहीच स्वीकारत नाही. मशीन तर तीन पावलांत स्वीकारतंय!"

या तक्रारीमागे बहुतेक वेळा एकच चूक असते. ती दिसायला लिहिण्यातली किरकोळ गफलत वाटते, पण सिद्धतेचा जीव तिच्यातच आहे. म्हणून आधी ती सविस्तर बघू आणि नेहमीच्या बाकीच्या दोन-तीन चुका शेवटी घेऊ.

आधी एक छोटं मशीन

एक ट्युरिंग मशीन `M` घ्या. तिच्या दोनच स्टेट: सुरुवातीची `s` आणि स्वीकाराची `h`. टेपवर `1` आणि कोरा खण, जो आपण `b` असा लिहू. नियमही दोनच. `s` मध्ये `1` दिसला तर तो तसाच ठेवून उजवीकडे जा, स्टेट `s` च. `s` मध्ये `b` दिसला तर तिथे `1` लिही, उजवीकडे जा आणि `h` मध्ये शीर. म्हणजे एकांच्या रांगेला आणखी एक जोडणारं मशीन. इनपुट `w` म्हणून `11` देऊ.

कॉन्फिगरेशन लिहिण्याची पद्धत नेहमीचीच. टेपवरची अक्षरं ओळीने लिहायची आणि हेड ज्या खणावर आहे त्या अक्षराच्या लगेच आधी स्टेटचं नाव घालायचं. `1s1` म्हणजे टेपवर `11` आहे, स्टेट `s` आहे आणि हेड दुसऱ्या `1` वर आहे. अशी कॉन्फिगरेशन `#` ने जोडली की गणन-इतिहासाची स्ट्रिंग तयार होते. ती वैध ठरायला तीन गोष्टी लागतात: पहिलं कॉन्फिगरेशन `M` ची `w` वरची सुरुवात असावं, प्रत्येक पुढचं आधीच्यापासून `M` च्या एका पावलात मिळावं, आणि शेवटच्यात स्वीकाराची स्टेट असावी.

`B` चं काम एवढंच की समोर आलेली स्ट्रिंग अशी वैध आहे का ते सांगायचं. `M` जर `w` स्वीकारत असेल तर अशी स्ट्रिंग अस्तित्वात असते, नसेल तर नसते. त्यामुळे `B` ची भाषा `L(B)` रिकामी आहे का हे सांगणारं कोणी भेटलं, तर `M` `w` स्वीकारते का हेही कळेल. ते सर्वसाधारणपणे ठरवता येत नाही हे आपल्याला आधीच माहीत आहे. सिद्धता एवढीच.

चूक कुठे होते

बहुतेक मुलं वरच्या मशीनचा इतिहास असा लिहितात:

```
#s11#1s1#11s#111h#
```

आणि `B` मध्ये नियम घालतात की शेजारची दोन कॉन्फिगरेशन सारख्याच लांबीची असली पाहिजेत, हेडजवळची दोन-तीन अक्षरं सोडून बाकी सगळं जसंच्या तसं असलं पाहिजे. नियम ऐकायला रास्त वाटतो. पण आता लांबी मोजा. पहिली तीन कॉन्फिगरेशन तीन अक्षरांची आहेत आणि चौथं चार अक्षरांचं. तिसऱ्या कॉन्फिगरेशनमध्ये हेड `w` च्या पलीकडच्या कोऱ्या खणावर आहे आणि तो खण लिहिलेलाच नाही. पुढच्या पावलात त्या खणात `1` येतो, स्ट्रिंग एका अक्षराने वाढते आणि `B` ती नाकारतो.

गंमत अशी की `M` ने इनपुटच्या बाहेर पाऊल टाकलं नाही, तर हा `B` अगदी बरोबर चालतो. पहिल्याच `1` ला `h` मध्ये जाणारं मशीन घेतलं तर `#s11#1h1#` तो आनंदाने स्वीकारतो. म्हणून चाचणी घेणाऱ्याला वाटतं की तपासणी ठीक आहे आणि गडबड मशीनमध्येच असेल. तुमचा `B` काही मशीनवर चालत असेल आणि टेप वाढवणाऱ्या प्रत्येक मशीनवर नुसता नाही म्हणत असेल, तर हीच चूक आहे असं समजा.

या चुकीने सिद्धतेचं काय होतं ते आता बघू. सगळी कॉन्फिगरेशन पहिल्याच्या लांबीची हवीत आणि पहिलं `w` एवढंच, असं धरलं तर `B` चा प्रश्न बदलतो. मूळ प्रश्न होता "`M` `w` स्वीकारते का?" आणि आता तो झाला "`w` च्या खणांबाहेर न जाता `M` `w` स्वीकारते का?" हा दुसरा प्रश्न ठरवता येतो! `n` खण, `q` स्टेट आणि `g` अक्षरं असतील, तर त्या `n` खणांवर वेगवेगळी कॉन्फिगरेशन जास्तीत जास्त `q·n·g^n` होतात. दोन स्टेट, दोन अक्षरं आणि दोन खण असले तर 2 × 2 × 4, म्हणजे 16. तेवढी पावलं चालवून बघायचं. मशीन तोवर थांबलं नाही तर कुठलंतरी कॉन्फिगरेशन परत आलेलं असतं, आणि मग ते कधीच थांबणार नाही. एका एलबीएने एक दिलेली स्ट्रिंग स्वीकारली का, हे नेमकं याच हिशोबाने ठरवता येतं.

थोडक्यात, अवघड प्रश्न भाषेच्या रिकामेपणाच्या प्रश्नावर उतरवायला निघालेल्या मुलाने न कळत सोपा प्रश्नच दुसऱ्या शब्दांत लिहिलेला असतो. वहीतली रिडक्शनची पायरी बघायला सुबक दिसते, पण तिच्यातून काहीच सिद्ध होत नाही.

दुरुस्ती

इलाज दोन आहेत. लांबी एका अक्षराने वाढायला परवानगी द्यायची, पण ती फक्त शेवटी आणि फक्त हेड तिथे असताना. किंवा प्रत्येक कॉन्फिगरेशनच्या मागे कोरे खण आधीच भरून सगळ्यांची लांबी सारखी ठेवायची. मला दुसरा बरा वाटतो, कारण तपासणीत अपवाद राहत नाहीत. मग वरचा इतिहास असा होतो:

```
#s11b#1s1b#11sb#111h#
```

चार कॉन्फिगरेशन, प्रत्येकी चार अक्षरं आणि पाच `#`, मिळून 21 अक्षरं. पहिलं कॉन्फिगरेशन तपासताना `B` आता एवढंच बघतो की `s11` नंतर फक्त `b` आहेत, कितीही असोत. किती भरायचे ते `B` ला ठरवावं लागत नाही. ते इनपुट लिहिणाऱ्यावर सोडलेलं आहे. कमी भरले आणि स्वीकारण्याआधीच हेड काठाबाहेर गेलं, तर ती स्ट्रिंग बाद. त्याने बिघडत नाही, कारण जास्त भरलेली दुसरी स्ट्रिंग कुठेतरी असतेच.

याचा एक परिणाम काही जणांना खटकतो: आता `L(B)` मध्ये एकच स्ट्रिंग नाही. आपल्या मशीनसाठी 21 लांबीची एक, मग एकेक `b` जास्त भरलेली 25 ची, 29 ची, अशा अगणित आहेत. हरकत नाही. आपला प्रश्न रिकामी आहे की नाही एवढाच आहे, किती आहेत हा नाही.

एका पावलाचा नियम हाताने लिहिताना डावीकडच्या हालचालीत हमखास घोळ होतो, म्हणून तो तपासायला मी हा तुकडा देतो. तो `B` नाही. पायथनला हवी तेवढी मेमरी असते, `B` ला नसते. फक्त पुढचं कॉन्फिगरेशन काय असायला हवं ते कळावं म्हणून:

```python
D = {('s','1'): ('s','1','R'),
     ('s','b'): ('h','1','R')}

def step(c):
    i = next(k for k, x in enumerate(c) if x in 'sh')
    if i + 1 == len(c) or (c[i], c[i+1]) not in D:
        return None
    p, a, d = D[c[i], c[i+1]]
    if d == 'R':
        return c[:i] + a + p + c[i+2:]
    if i == 0:
        return p + a + c[2:]
    return c[:i-1] + p + c[i-1] + a + c[i+2:]
```

`step('11sb')` ने `111h` दिलं पाहिजे आणि `step('11s')` ने `None`. दुसऱ्या उत्तराचा अर्थ असा की खण कमी पडले, ही स्ट्रिंग इथेच बाद. डावीकडे जाताना स्टेटचं नाव शेजारच्या अक्षराला ओलांडतं, म्हणून तिथे तीन अक्षरं बदलतात. उजवीकडे जाताना दोनच.

"पण `B` ची टेप पुरते कशी?"

हा दुसरा ठरलेला प्रश्न. एलबीएला इनपुटएवढीच टेप मिळते, मग `M` ने कोटी खण वापरले तर `B` ते कुठे ठेवणार?

`B` काहीच ठेवत नाही, कारण तो `M` चालवतच नाही. `M` ने आधी काय केलं हे सगळं इनपुटमध्येच लिहून आलेलं असतं. `M` ने कोटी खण वापरले असतील तर इतिहासातल्या शेवटी-शेवटीच्या कॉन्फिगरेशनची लांबीच कोटीच्या घरात असते, आणि `B` ला संपूर्ण इतिहासाएवढी टेप मिळते. `w` आणि `M` हे `B` चे इनपुट नाहीत, ते त्याच्या नियमांत आधीच कोरलेले आहेत. प्रत्येक `M`, `w` जोडीसाठी `B` वेगळा. इनपुट म्हणून `w` दिला असता तर टेप खरंच पुरली नसती. बऱ्याच वह्यांमध्ये `B` चं इनपुट चुकून `w` लिहिलेलं असतं, आणि मग पुढचं सगळं घसरत जातं.

तुलना करायला लागणारी जागा मात्र लागतेच, आणि तिथे मुलं पहिलं कॉन्फिगरेशन टेपच्या शेवटी "कच्चं" उतरवून घ्यायला जातात. इनपुटच्या पलीकडे लिहिलं की `B` एलबीए राहत नाही. गरजही नाही. प्रत्येक अक्षराची एक खुणेची प्रत अक्षरसंचात घ्या, `1` सोबत टिंब दिलेला `1`, याप्रमाणे. `B` पहिल्या कॉन्फिगरेशनमधल्या एका अक्षरावर टिंब देतो, ते अक्षर आणि त्याचे शेजारी स्टेटमध्ये लक्षात ठेवतो, `#` ओलांडून पुढच्या कॉन्फिगरेशनमधल्या पहिल्या बिनटिंबाच्या अक्षरापर्यंत जातो, तपासतो, त्यावर टिंब देतो आणि परत येतो. असं वारंवार ये-जा. एकेका अक्षरासाठी दोन कॉन्फिगरेशन ओलांडावी लागतात, म्हणून वेळ बराच लागतो. पण इथे वेळेला मर्यादा नाही, जागेला आहे, आणि जागा एका खणानेही वाढत नाही.

लक्षात ठेवण्यासाठी किती अक्षरं लागतात हे `M` वर ठरतं, इनपुटच्या लांबीवर नाही. म्हणून मर्यादित स्टेट पुरतात. हा `B` नॉन-डिटरमिनिस्टिकही नाही, अगदी सरळ चालणारा आहे. जाता जाता सांगतो: डिटरमिनिस्टिक आणि नॉन-डिटरमिनिस्टिक एलबीए एकाच ताकदीचे आहेत का, हा कुरोडाने 1964 मध्ये मांडलेला प्रश्न अजून सुटलेला नाही. आपल्या सिद्धतेला त्याची झळ लागत नाही, कारण रिकामेपणा साध्या डिटरमिनिस्टिक एलबीएसाठीच अनिर्णेय ठरतो.

उलटी लक्षणं: `B` सगळंच स्वीकारतो

काही वेळा तक्रार उलटी असते. कुठलंही मशीन दिलं तरी `L(B)` भरलेली निघते. अशा वेळी तीनपैकी कुठली तपासणी गळली आहे ते स्वीकारलेल्या सर्वांत लहान स्ट्रिंगवरून कळतं. `#h#` स्वीकारली गेली तर सुरुवात तपासलीच नाही: एकटं स्वीकाराचं कॉन्फिगरेशन, पावलं शून्य, म्हणून पावलं चुकण्याचा प्रश्नच नाही. `#s11#` स्वीकारली गेली तर शेवट तपासला नाही. `#s11b#h111#` स्वीकारली गेली तर मधलं पाऊल नीट तपासलं जात नाही.

तिसऱ्या प्रकारात एक फसवं रूप आहे. "हेडपासून दूरची अक्षरं सारखी आहेत" एवढंच बघायचं आणि हेडजवळ काय बदललं ते मोकळं सोडायचं, असं बरेच जण लिहितात. मग स्ट्रिंगमध्ये एका पावलात हेड नाहीसं होऊ शकतं किंवा हेडची दोन होऊ शकतात. वेगळी अट घालून "प्रत्येक कॉन्फिगरेशनमध्ये एकच स्टेट हवी" असं सांगण्याची गरज खरं तर नसते. हेडजवळची अक्षरं `M` च्या नियमानेच बदलली आहेत हे कटाक्षाने तपासलं, तर पहिल्यातलं एक हेड शेवटपर्यंत एकच राहतं.

उत्तराची दिशा

समजा रिकामेपणा ठरवणारा `R` आहे. `M` आणि `w` मिळाल्यावर आपण `B` चं वर्णन लिहायचं आणि ते वर्णन `R` ला द्यायचं. `R` ने "रिकामी नाही" म्हटलं तर `M` `w` स्वीकारते, "रिकामी" म्हटलं तर नाही. इथे `B` एकदाही चालत नाही. तो चालवून बघावा असं मुलांना वाटतं ते स्वाभाविक आहे, कारण त्यांनी तो लिहिलेला असतो. पण कुठल्या स्ट्रिंगवर चालवणार? इतिहास हातात असता तर `R` ची गरजच नसती.

तरीही चालवून बघण्याच्या हट्टातून एक गोष्ट दिसते. आपल्या मशीनसाठी लांबीच्या क्रमाने सगळ्या स्ट्रिंग `B` ला देत गेलात, तर 20 पर्यंतच्या सगळ्या नाकारल्या जातात आणि 21 ला पहिली स्वीकारली जाते. 20 ला थांबलेला माणूस "रिकामी" म्हणून चुकला असता. आता `D` मधला दुसरा नियम बदला: `('s','b')` ला `('s','b','R')` द्या. मशीन कोऱ्या खणांवरून उजवीकडे जातच राहतं, `h` कधी येत नाही आणि कुठल्याही लांबीला वैध इतिहास सापडत नाही. 20 अक्षरांपर्यंत बघणाऱ्याला ही दोन मशीन सारखीच दिसतात. या दोन मशीनचा उलगडा नियम बघून होतो, पण `M` कुठलीही असू शकते, आणि कुठे थांबून "रिकामी" म्हणायचं हे कुठलंच सर्वसाधारण सूत्र सांगू शकत नाही. म्हणून भाषा रिकामी नसेल तर शोधत राहून ते कधीतरी कळतं, पण रिकामी असेल तर शोधण्याने कधीच कळत नाही.

हा `B` आणखी कमकुवत करता येईल का

याचंही उत्तर विचारलं जातं. साध्या फायनाइट ऑटोमेटॉनला दूरच्या दोन जागांची तुलना जमत नाही, आणि त्याचा रिकामेपणा तर सहज ठरतो: सुरुवातीपासून स्वीकाराच्या स्टेटपर्यंत वाट आहे का, एवढंच बघायचं. पुशडाउन ऑटोमेटॉनचाही रिकामेपणा ठरवता येतो. एकाआड एक कॉन्फिगरेशन उलटं लिहिलं तर स्टॅकच्या साहाय्याने तो शेजारच्या जोड्या तपासू शकतो, पण एकाआड एकच. पहिलं-दुसरं जुळवताना स्टॅक रिकामा होतो आणि मग दुसरं-तिसरं जुळवायला दुसऱ्याची नोंद उरत नाही. दोन पुशडाउन घेतले, एकाने पहिलं-दुसरं, तिसरं-चौथं बघायचं आणि दुसऱ्याने दुसरं-तिसरं, चौथं-पाचवं, तर दोघांना मिळून सगळा इतिहास तपासता येतो. म्हणून दोन कॉन्टेक्स्ट-फ्री भाषांमध्ये एखादी स्ट्रिंग समाईक आहे का, हे मात्र अनिर्णेय निघतं. एलबीएला हे काम एकट्याला जमतं, कारण तो परत मागे येऊन टिंब देऊ शकतो.